गावातल्या हातपंप-विहिरींचा नकाशा: प्रकल्प अहवालाची प्रस्तावना कशी लिहावी

भूगोलाच्या किंवा पर्यावरण शिक्षणाच्या प्रकल्पासाठी गावातले हातपंप आणि विहिरी नकाशावर मांडायचे ठरले, की फिरणे होते, नोंदी होतात, नकाशाही तयार होतो. लेखणी अडते ती प्रस्तावनेपाशी. मग "पाणी म्हणजे जीवन" आणि "पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याने व्यापलेला आहे" अशा वाक्यांनी पहिले पान भरले जाते. ती वाक्ये खोटी नाहीत, पण तुमच्या गावाबद्दल ती काहीच सांगत नाहीत. दुसऱ्या कुठल्याही अहवालात ती तशीच चिकटवता येतात, म्हणून ती काढून टाका.

नकाशावर शेवटी ठिपकेच दिसणार आहेत. निळा ठिपका म्हणजे विहीर, लाल म्हणजे हातपंप. लाल ठिपका पाहून तिथे पाणी मिळते असे वाचणाऱ्याने समजायचे, की तिथे पंप उभा आहे एवढेच? निळ्या ठिपक्यात बुजवलेली विहीर धरली आहे का? हे सगळे मे महिन्यातले आहे की दिवाळीनंतरचे? नकाशा उघडण्याआधी ठिपक्याचा नेमका अर्थ वाचकाच्या हाती देणे, हे प्रस्तावनेचे काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यासाठीच आहेत.

उदाहरण म्हणून जालना जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यात, दुधना नदीच्या खोऱ्यातले एक गाव धरू. गाव कल्पित आहे आणि त्याचे आकडेही नमुन्याचे आहेत. खडक, पंप, नियम आणि तालुक्याची परिस्थिती मात्र खरी आहे. गावठाण, एक तांडा आणि शेतांतल्या वस्त्या अशी गावाची रचना आहे. विद्यार्थिनीने मे २०२४ मध्ये पंधरा दिवस फिरून ११ हातपंप आणि ५८ विहिरी नोंदवल्या आहेत.

## प्रस्तावना शेवटी लिहा, पण सामान पहिल्या दिवशी गोळा करा

प्रस्तावना अहवालात पहिली येते, लिहायची मात्र नकाशा आणि तक्ते पक्के झाल्यावर. आधी लिहिली की तिच्यात "गावातील सर्व जलस्रोतांचा अभ्यास केला" असे वाक्य हमखास येते. पुढे कळते की खाजगी बोअर मोजलेच नाहीत, आणि ते वाक्य बदलायचे राहून जाते. परीक्षक तोंडी परीक्षेत पहिले बोट तिथेच ठेवतात.

काही गोष्टी मात्र फिरण्याच्या आधीच हाती हव्यात, कारण नंतर त्या मिळत नाहीत किंवा आठवत नाहीत. गावाचा गट नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. त्याच्यावर शिवेची हद्द असते आणि "गाव" म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे तोच ठरवतो. ग्रामपंचायतीकडून सार्वजनिक हातपंप आणि विहिरींची यादी मागा, आणि ती ज्या तारखेची आहे ती तारीख टिपून ठेवा. वस्तीनिहाय लोकसंख्या अंगणवाडीच्या सर्वेक्षण वहीत सापडते. जनगणनेचा आकडा अख्ख्या गावाचा मिळतो, तांड्याचा वेगळा मिळत नाही, आणि या प्रकल्पात तांड्याचा वेगळा आकडाच कामाला येणार आहे.

फिरताना प्रत्येक स्रोताला एक क्रमांक द्या: हातपंपाला "हा-०१", विहिरीला "वि-०१" असा. खाजगी विहिरीच्या मालकाचे नाव वहीत राहू द्या, अहवालात फक्त क्रमांक छापा. प्रस्तावनेत तसे एका वाक्यात सांगा.

## पहिला परिच्छेद: गावाचा प्रश्न

पहिल्या परिच्छेदात एक प्रश्न हवा, आणि तो गावातल्या दोन न जुळणाऱ्या गोष्टींतून निघायला हवा. आपल्या उदाहरणात त्या अशा. ग्रामीण पाणीपुरवठ्याचा जुना सरकारी निकष असा होता, की माणशी रोज ४० लिटर आणि २५० माणसांमागे एक हातपंप. गावची लोकसंख्या ग्रामपंचायतीच्या नोंदीत १,८४२ आहे. तिला २५० ने भागले तर ७.४ येतात, म्हणजे ८ हातपंप पुरे. गावात ११ आहेत. कागदावर तीन पंप जास्तीचे आहेत, तरीही एप्रिलपासून गावात टँकर येतो. का?

एवढे लिहिले की वाचक पुढे वाचतो, कारण हा प्रश्न त्याच्याही मनात येतो. उत्तर इथे द्यायचे नाही. तांड्यावर ४३० माणसे आहेत आणि तिथल्या दोन पंपांपैकी एकच चालतो, हे विद्यार्थिनीला आता माहीत असते, आणि ते प्रस्तावनेतच सांगून टाकावेसे वाटते. तो मोह आवरावा. ते विश्लेषणात येऊ द्या. प्रस्तावनेत किती स्रोत मोजले ते सांगावे, त्यातून काय निघाले ते नाही. ही रेघ सांभाळली तर निष्कर्षाच्या पानाला वजन राहते.

निकष वापरताना तो नीट समजून घ्या. २५० माणसांना ४० लिटर म्हणजे दिवसाला १०,००० लिटर. गावोगाव बसवलेला इंडिया मार्क टू हातपंप दांडा मिनिटाला ४० वेळा पूर्ण मारला तर साधारण १५ लिटर देतो, म्हणजे तासाला ९०० लिटर. १०,००० लिटरसाठी तोच वेग न थांबता ११ तास राखावा लागेल. तेव्हा एका पंपाला २५० माणसे, हे पंप पूर्ण ताकदीने चालत असतानाचे गणित आहे, आणि तेही ओढूनताणून बसते. म्हणूनच "चालू हातपंप" कशाला म्हणायचे हे प्रस्तावनेत ठरवावे लागते. आता माणशी ५५ लिटरचा निकष आहे, तो जल जीवन मिशनचा आणि घरातल्या नळासाठी. दोन्ही आकडे एका वाक्यात एकमेकांत मिसळू नका. हातपंपाबद्दल बोलताना ४० चा निकष घ्या आणि तो जुना आहे हे स्पष्ट लिहा.

## गावाचे ठिकाण: थोडक्यात, पण बिनचूक

इथे एक परिच्छेद पुरतो. जिल्हा, तालुका, नदीचे खोरे, शिवाराचे क्षेत्र, वस्त्या किती आणि त्या गावठाणापासून किती दूर, एवढेच. जिल्ह्याचा इतिहास, प्रेक्षणीय स्थळे, राज्याचे क्षेत्रफळ यांचा नकाशाशी संबंध नाही.

अक्षांश-रेखांश कसे घेतले ते मात्र लिहायलाच हवे. मोबाइलच्या जीपीएसने मोकळ्या आकाशाखाली साधारण ३ ते ५ मीटरपर्यंत अचूकता मिळते. झाडाखाली, भिंतीलगत किंवा घरांच्या बोळात ती बरीच घसरते. म्हणून पंपापाशी मिनिटभर थांबून, पडद्यावर दिसणारा अचूकतेचा आकडा ५ मीटरच्या आत आल्यावरच नोंद घ्या, आणि ही अट प्रस्तावनेत सांगा. दशांशानंतर पाच अंक पुरतात, कारण पाचवा अंक जमिनीवर सुमारे एक मीटरचा असतो. चारच अंक ठेवले तर ११ मीटरचा गोंधळ होतो आणि गावठाणातला आड शेजारच्या घरात जाऊन बसतो. आठ अंक लिहिले तर वाचकाला नसलेली अचूकता दाखवल्यासारखे होते.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे अंश-मिनिटे-सेकंद आणि दशांश अंश यांची गल्लत. १९ अंश ५२ मिनिटे ३० सेकंद म्हणजे १९.८७५ अंश. तेच कोणी १९.५२३० असे भरले, तर ठिपका सुमारे ३९ किलोमीटर दक्षिणेला जातो. दुसरी चूक म्हणजे अक्षांश आणि रेखांशाच्या रकान्यांची अदलाबदल. मग बदनापूरची विहीर नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात दिसते. ही चूक लगेच लक्षात येते, पहिली येत नाही. म्हणून नकाशावर शिवेची हद्द टाका आणि एकही ठिपका हद्दीबाहेर नाही याची खात्री करूनच प्रस्तावनेत "सर्व स्रोत गावाच्या हद्दीत आहेत" असे लिहा.

## ठिपका कशाचा: प्रस्तावनेचा गाभा

या भागाला हवी तेवढी जागा द्या. गावात फिरले की कळते, "विहीर" आणि "हातपंप" हे शब्द वाटतात तेवढे सरळ नाहीत.

विहिरीपासून सुरू करू. शेतातली रुंद विहीर, गावठाणातला अरुंद आड आणि पायऱ्यांची बारव या तिन्ही खोदलेल्या विहिरीच. तिन्ही मोजा, पण प्रकार वेगळा नोंदवा. कोरडी पण तोंड उघडे असलेली विहीर मोजायची, कारण पावसाळ्यानंतर तिच्यात पाणी येऊ शकते. बुजवलेली मोजायची नाही. विहिरीच्या तळात उभे बोअर किंवा भिंतीत आडवे बोअर घेतलेले असेल तरी ती एकच विहीर धरा आणि शेऱ्यात लिहा. आडव्या बोअरने विहिरीची पाण्याची पातळी बदलते, म्हणून हा शेरा महत्त्वाचा. शेततळे विहीर नाही. त्यात साठवलेले पाणी असते, जमिनीतून झिरपून आलेले नसते.

"सार्वजनिक" हा शब्दही तपासून वापरा. ग्रामपंचायतीच्या यादीत एखादी विहीर सार्वजनिक असते, पण प्रत्यक्ष पाणी कोण भरते हे वेगळे निघू शकते. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले गेले, तेव्हाही ते तळे नगरपालिकेच्या ठरावाने सगळ्यांना खुलेच होते. आपल्या गावात यादी आणि वापर यांत फरक दिसला तर तो लपवू नका. दोन रकाने करा, "नोंदीनुसार" आणि "वापरानुसार", आणि तसे केल्याचे प्रस्तावनेत लिहा. नावे लिहायची गरज नाही.

आता हातपंप, किंवा गावच्या बोलीत हापसा. दांड्यासह उभा असलेला पंप तर मोजायचाच. वरचा भाग काढून नेलेला आणि केसिंगचा पाइप तेवढा उभा असलेलाही मोजायचा, "बंद" म्हणून. हातपंपाच्याच बोअरमध्ये सौर पंप बसवून टाकी भरली जाते तेही मोजायचे, प्रकार वेगळा लिहून. खाजगी बोअर, ज्यात वीजपंप आहे, ते या प्रकल्पात मोजलेले नाहीत. हे वाक्य प्रस्तावनेत नसेल तर सगळा नकाशा फसवा ठरतो. याबद्दल मर्यादांच्या भागात पुन्हा बोलू.

चालू, कमी आणि बंद ठरवायला साधी चाचणी आहे. एका बादलीवर एक लिटरच्या बाटलीने १५ लिटरपर्यंत खुणा करा. पंप थोडा मारून पाणी अखंड येऊ द्या, मग ४० पूर्ण फेऱ्या मारून पाणी मोजा. इंडिया मार्क टूच्या सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलीमीटर आणि फेरीची लांबी १२५ मिलीमीटर असते, म्हणजे एका फेरीला जास्तीत जास्त ४०० मिलीलिटरच्या आसपास आणि ४० फेऱ्यांना सुमारे १६ लिटर. प्रत्यक्षात १५ च्या जवळ आले तर पंप चांगला. १० लिटरपेक्षा कमी आले तर "कमी", आणि मधले आकडे "चालू" मध्येच धरा. काहीच आले नाही किंवा दांडाच हलत नसेल तर "बंद". दांडा अर्धवट मारला तर चांगला पंपही १० च्या खाली जातो, म्हणून चाचणीच्या सगळ्या फेऱ्या एकाच माणसाने, वरपासून खालपर्यंत मारायच्या. मोजलेले पाणी ओतून देऊ नका. पंपावर कोणी ना कोणी घागर घेऊन उभे असतेच, त्यांच्या घागरीत ते जाऊ द्या.

"कमी" म्हटले की कारणही विचारले जाते, आणि ते बरेचदा पाणी येण्याच्या तऱ्हेवरून ओळखता येते. पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत धार सारखीच बारीक असेल तर सिलिंडरमधला वायसर झिजलेला असण्याची शक्यता जास्त. सुरुवातीला भरपूर येऊन मग धार तुटू लागली, मध्येच हवा येऊ लागली, तर बोअरमधले पाणीच खाली गेले आहे. अर्धा तास पंप तसाच ठेवून पुन्हा मारल्यावर पाच-सहापेक्षा जास्त फेऱ्यांनंतर पाणी आले, तर खालचा व्हॉल्व्ह किंवा पाइपचा जोड गळतो. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात दुरुस्ती पुरते. दुसऱ्यात ती पुरत नाही. नकाशावर हे दोन वेगळ्या रंगांत दिसायला हवेत, आणि ते तसे का आहेत हे प्रस्तावनेतच समजायला हवे.

## जमिनीखालचे एक पान

विहिरी आणि हातपंप एकाच नकाशावर, पण वेगळ्या रंगांत का दाखवले? कारण ते बहुधा वेगवेगळ्या थरांतले पाणी उपसतात. महाराष्ट्राच्या सुमारे चार पंचमांश भागाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. लाव्हाचे एकावर एक थर पसरून तो झाला. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग फुटलेला आणि सच्छिद्र खडक, आणि त्याखाली घट्ट पाषाण. काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. विहीर खोदणाऱ्या माणसाला हे थर पुस्तकाशिवाय ठाऊक असतात. गावात असा जाणकार असेल तर त्याला विचारा आणि त्याचेच शब्द अहवालात ठेवा.

साधारण ८ ते १५ मीटर खोलीची विहीर मुरमातले आणि फुटक्या खडकातले पाणी घेते. त्या थरात पावसाचे पाणी लवकर पोचते आणि लवकर संपते. हातपंपाची विंधन विहीर त्याहून कितीतरी खोल जाते आणि पाषाणातल्या भेगांवर अवलंबून असते. भेग लागली तर पाणी, नाही लागली तर शेजारीच घेतलेले दुसरे बोअरही कोरडे. म्हणून या भागात दोन हातपंपांमधल्या जागेत पाणी असेलच, असे नकाशावरून म्हणता येत नाही. ठिपके जोडून "पाणी असलेला पट्टा" रंगवण्याचा मोह होतो. तसे केलेले नाही आणि का केलेले नाही, हे प्रस्तावनेत दोन वाक्यांत लिहा.

जालना जिल्ह्यातल्या अहवालात आणखी एक वाक्य शोभते. इंडिया मार्क टू हा हातपंप सोलापूर आणि जालना इथे आधी तयार झालेल्या पंपांच्या अनुभवावर १९७० च्या दशकात उभा राहिला आणि पुढे देशभर पोचला. त्याचे भारतीय मानक आयएस ९३०१ आहे. गावातल्या पंपाशी जोडून लिहिलेला एवढा इतिहास पुरे.

## कधी मोजले, कुठून मोजले

महिना न लिहिलेला पाण्याचा नकाशा वाचता येत नाही. मे महिन्यात कोरडी असलेली विहीर ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेली असू शकते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ते यामुळेच. तुमच्याकडे एकच फेरी असेल तर ती कोणत्या तारखांना झाली ते लिहा आणि आधीचा पावसाळा कसा होता ते सांगा. आपल्या उदाहरणात हे सहज जमते. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यांत बदनापूर होता. तेव्हा मे २०२४ ची पातळी ही सरासरी उन्हाळ्याची नाही, कठीण उन्हाळ्याची आहे.

पाण्याची पातळी नेहमी जमिनीपासून खाली किती, अशी द्यायची. मोजताना मात्र टेप कठड्यावरून सोडतात. कठड्याच्या कडेपासून पाणी ११.४० मीटरवर लागले आणि कठडा जमिनीपासून ०.८० मीटर उंच असेल, तर पातळी १०.६० मीटर. ही वजाबाकी विसरली की कठडे असलेल्या विहिरी नसलेल्यांपेक्षा खोल दिसू लागतात. गावात खोली परसात सांगतात, "चार परस पाणी आहे" असे. परस म्हणजे पुरुषभर, आणि तो सांगणाऱ्यागणिक बदलतो. म्हणून परस वहीत टिपा, पण अहवालात टेपने मोजलेले मीटर द्या. मोजणी सकाळी, मोटार सुरू होण्याआधी करा. चालू मोटारीच्या विहिरीत मोजलेली पातळी म्हणजे उपशामुळे खाली गेलेले पाणी असते. बिनकठड्याच्या विहिरीवर एकटीने जाऊ नका आणि टेप सोडताना वाकू नका. टेपच्या टोकाला वजन बांधून, दोन पावले मागे उभे राहून काठीवरून सोडता येते.

हातपंपात पातळी मोजता येत नाही. वरचा भाग उघडल्याशिवाय टेप आत जात नाही, आणि तो उघडणे हे दुरुस्ती करणाऱ्यांचे काम आहे. त्यामुळे या नकाशात पाण्याची पातळी फक्त विहिरींची आहे. हे वाक्य चुकवू नका.

## मर्यादा लपवू नका

मर्यादा म्हटल्यावर "वेळेअभावी सखोल अभ्यास करता आला नाही" असे लिहिले जाते. त्यातून वाचकाला काही कळत नाही. काय मोजले नाही आणि त्यामुळे नकाशातून कोणता अर्थ काढू नये, असे जोडीने लिहा. खाजगी बोअर मोजले नाहीत, म्हणून गावात किती पाणी उपसले जाते हे या नकाशावरून सांगता येणार नाही. पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी केली नाही, म्हणून "चालू" याचा अर्थ "पिण्यास योग्य" असा घेऊ नये. फ्लोराइड किंवा नायट्रेट पाण्यात असले तरी चव किंवा रंगावरून ते कळत नाही. सार्वजनिक स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. तुमच्या ग्रामपंचायतीला कोणते मिळाले ते विचारून लिहिता येईल, पण ते कार्ड म्हणजे तुमची स्वतःची तपासणी नव्हे.

## सगळे जोडून

वरचे सगळे धरून आपल्या उदाहरणाची प्रस्तावना अशी होते. हातपंपाच्या इतिहासाचे वाक्य जागेप्रमाणे चौथ्या परिच्छेदात घालता येईल. हा मजकूर जसाच्या तसा उतरवू नका. यातले प्रत्येक वाक्य तुमच्या गावाच्या नोंदीवरून बदलायचे आहे.

> बदनापूर तालुक्यातील आमच्या गावाची लोकसंख्या ग्रामपंचायतीच्या नोंदीनुसार १,८४२ आहे. २५० माणसांमागे एक हातपंप या जुन्या निकषाने गावाला ८ हातपंप पुरेसे आहेत. गावात ११ हातपंप आहेत. तरीही एप्रिल आणि मे महिन्यांत पिण्यासाठी टँकर लागतो. हातपंप संख्येने पुरेसे असताना पाणी का पुरत नाही, हा या प्रकल्पाचा प्रश्न आहे.
>
> गाव दुधना नदीच्या खोऱ्यात असून शिवाराचे क्षेत्र १,१२० हेक्टर आहे. गावठाण, त्याच्या ईशान्येला दीड किलोमीटरवर तांडा आणि शेतांतील वस्त्या अशी तीन भागांची वस्ती आहे. लोकसंख्या अनुक्रमे १,१८०, ४३० आणि २३२ आहे. प्रत्येक स्रोताचे स्थान मोबाइलच्या जीपीएसने, अचूकता ५ मीटरच्या आत आल्यावर नोंदवले आहे.
>
> या अहवालात "विहीर" म्हणजे तोंड उघडे असलेली कोणतीही खोदलेली विहीर, आड किंवा बारव. बुजवलेल्या विहिरी आणि शेततळी धरलेली नाहीत. "हातपंप" म्हणजे सार्वजनिक विंधन विहिरीवरील पंप, मग तो सुरू असो वा बंद. ४० पूर्ण फेऱ्यांत १० लिटर किंवा अधिक पाणी आल्यास तो "चालू", १० लिटरपेक्षा कमी आल्यास "कमी" आणि काहीच न आल्यास "बंद" मानला आहे. अशा ११ हातपंपांची आणि ५८ विहिरींची नोंद केली. त्यांपैकी ४ विहिरी ग्रामपंचायतीच्या नोंदीत सार्वजनिक आहेत. खाजगी विहिरी मालकाच्या नावाऐवजी क्रमांकाने दाखवल्या आहेत.
>
> गावाखाली काळा पाषाण आहे. विहिरी वरच्या मुरमातील आणि फुटलेल्या खडकातील पाणी घेतात, तर हातपंप खोल भेगांतील. म्हणून दोन्हींचे विश्लेषण वेगळे केले आहे. भेगांतील पाणी सलग पसरलेले नसल्यामुळे दोन ठिपक्यांमधील जागेबद्दल या नकाशावरून अंदाज केलेला नाही.
>
> नोंदी ३ ते १७ मे २०२४ या काळात, सकाळी उपसा सुरू होण्यापूर्वी घेतल्या. आधीच्या ऑक्टोबरमध्ये तालुका दुष्काळग्रस्त जाहीर झाला होता, त्यामुळे या पातळ्या कठीण वर्षाच्या आहेत. पाण्याची पातळी फक्त विहिरींची, जमिनीपासून खाली मीटरमध्ये दिली आहे. खाजगी बोअर मोजलेले नाहीत आणि पाण्याची रासायनिक तपासणी केलेली नाही. म्हणून एकूण उपसा किंवा पाण्याची योग्यता यांबद्दल हा अहवाल काही सांगत नाही.

ही प्रस्तावना छापील दीड पानात बसते. तिच्यापुढे वेगळे "उद्दिष्टे" सदर मागितले असेल तर तीनच लिहा, आणि प्रत्येकाला तुमच्या अहवालातला एक तक्ता किंवा नकाशा उत्तर देतो का ते पाहा. उत्तर नसलेले उद्दिष्ट काढा. "जलसाक्षरता वाढवणे" हे चांगले काम आहे, पण या नकाशाने ते मोजता येत नाही.

## देण्यापूर्वीची तपासणी

प्रस्तावनेतला प्रत्येक आकडा पेन्सिलने गोल करा आणि तो अहवालात आणखी कुठे आला आहे ते शोधा. प्रस्तावनेत ५८ विहिरी, तक्त्यात ५७ आणि नकाशावर ५९ ठिपके, असे फार वेळा होते. कारणेही ठरलेली असतात. शिवेवरची एक विहीर नंतर शेजारच्या गावात निघते, किंवा एकाच विहिरीवर दोन दिवशी दोघींनी वेगवेगळे क्रमांक टाकलेले असतात. दुहेरी नोंद पकडायची तर नकाशावर एकमेकांपासून १० मीटरच्या आत असलेले ठिपके शोधा आणि त्यांचे फोटो शेजारी ठेवून पाहा. गावठाणात आड आणि हातपंप खरोखरच इतके जवळ असू शकतात, म्हणून फोटो पाहिल्याशिवाय नोंद खोडू नका.

मग प्रस्तावना गावातल्या अशा माणसाला वाचून दाखवा, ज्याने नकाशा पाहिलेला नाही. जलसुरक्षक असेल तर उत्तम, कारण ग्रामपंचायतीच्या पाण्याची रोजची देखभाल त्याच्याकडेच असते. त्याला विचारा, "यात कोणता हापसा राहिला?" त्याने एखाद्या बंद पंपाचे नाव घेतले, जो झुडपात केसिंगपुरता उरला आहे, तर अहवाल बांधायच्या आधी तिथे जाऊन या. तो आकडा ११ चा १२ करतो, आणि मग प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद, तक्ता आणि नकाशा तिन्ही एकाच दिवशी बदला.